खालून काढलेला उभा फोटो: लांबलेले पाय आणि आखूड धड पुन्हा प्रमाणात आणताना

माझ्या भावाने नवा सूट शिवला, तेव्हा त्याचा पायापासून डोक्यापर्यंतचा फोटो माझ्या सहा वर्षांच्या पुतण्याने काढला. पठ्ठ्या जमिनीवर फतकल मारून बसला, मोबाइल गुडघ्यांवर धरला आणि डोकं चौकटीत मावेना म्हणून मोबाइल मागे कलवला. फोटो अगदी स्वच्छ आला, भाऊ मनापासून हसत होता, पण बूट होड्यांसारखे, पाय खांबांसारखे, धड आखूड आणि वर चिमुकलं डोकं. फोटो दुसऱ्यांदा काढता येण्यासारखा नव्हता, कारण तो दिवस आणि ते हसू पुन्हा मिळणार नव्हतं. म्हणून तोच फोटो दुरुस्त केला. ती दुरुस्ती इथे पायरीपायरीने सांगतो. संगणकावरचं GIMP हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं आहे, पण मागचं कारण एकदा कळलं की कुठल्याही फोटो-संपादकात हेच करता येईल.

कारण आधी समजून घेऊ. ते न कळता हात घातला, तर बहुतेक जण कमरेखालचा भाग निवडतात आणि त्याची उंची दाबतात. पाय आखूड होतात खरे, पण बूट चपटे दिसतात, जमिनीवरच्या फरशा पिचकतात आणि जिथे निवड संपते तिथे कोटाची कड तुटल्यासारखी वाटते. रुंदीचा बिघाड तर तसाच राहतो, कारण पाय फक्त लांब झालेले नसतात, जाडही झालेले असतात.

बिघाड नेमका कुठून येतो

अंधाऱ्या खोलीत एक छोटा दिवा, समोर भिंत, आणि मध्ये भिंतीला समांतर धरलेला पुठ्ठ्याचा माणूस अशी कल्पना करा. भिंतीवरची सावली मोठी असेल, पण हुबेहूब त्याच आकाराची असेल. दिवा माणसाच्या पावलांपाशी खाली ठेवला तरीही सावलीत पाय आणि धड यांचं प्रमाण बदलत नाही. आता भिंतच तिरकी केली तर? सावली एका टोकाला पसरेल आणि दुसऱ्या टोकाला आवळली जाईल.

कॅमेऱ्यात दिव्याच्या जागी भिंग आणि भिंतीच्या जागी सेन्सर असतो. सरळ उभा माणूस बराचसा त्या पुठ्ठ्यासारखा, म्हणजे एका उभ्या पातळीत असतो. कॅमेरा कितीही खाली असला, पण सरळ उभा धरलेला असला, तर या पातळीचं प्रमाण बिघडत नाही. बिघडतं ते कॅमेरा वर कलवल्यामुळे. म्हणजे आपल्या फोटोतल्या लांब पायांना खरं तर ‘खालून काढला’ हे कारण नसून ‘वर कलवून काढला’ हे कारण आहे, आणि हा कल नंतर जवळजवळ पूर्ण उलटवता येतो. बहुतेक संपादकांत असलेलं पर्स्पेक्टिव्ह नावाचं साधन हेच करतं. तिरकी भिंत पुन्हा सरळ उभी करतं.

जे उलटवता येत नाही ते म्हणजे कॅमेऱ्याची जागा. खालून पाहिल्यावर हनुवटीची खालची बाजू आणि नाकपुड्या दिसणार. बुटाची टोकं पुठ्ठ्याच्या पातळीतून कॅमेऱ्याकडे पुढे आलेली, म्हणून मोठी दिसणार. कोणतंही साधन हे बदलत नाही, कारण कॅमेऱ्याला जे दिसलंच नाही ते फोटोत नाही.

भावाच्या फोटोचा अंदाज असा. उंची १७० सेंटिमीटर, कॅमेरा जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, अंतर दीड मीटर, कल सुमारे १६ अंश, मोबाइलचं नेहमीचं रुंद भिंग. फोटो २००० बाय ३००० पिक्सेल, त्यात टाचेपासून डोक्याच्या टोकापर्यंत भाऊ २४०० पिक्सेल. त्यातले १३७५ पिक्सेल फक्त पायांचे, म्हणजे उंचीच्या ५७ टक्के. प्रौढ माणसाच्या शरीराचा मध्य साधारण जांघेपाशी येतो, म्हणजे हा आकडा ५०च्या आसपास हवा. शिवाय टाचेपाशी जी वस्तू १३४ पिक्सेल रुंद दिसेल तीच डोक्यापाशी १०० पिक्सेल दिसते. चिमुकल्या डोक्याचं कारण हे.

पायरी पहिली: दुखणं ओळखा

फोटोत माणसाच्या मागे जे काही खरोखर उभं आहे ते शोधा: दाराची चौकट, खिडकीची कड, भिंतींचा कोपरा, खांब. डावीकडच्या आणि उजवीकडच्या अशा दोन कडा वर जाताना एकमेकींकडे झुकत असतील, तर दुखणं कलाचं आहे आणि पुढचा उपाय लागू पडेल. कडा समांतर असूनही पाय मोठे दिसत असतील, तर बहुधा पाय खरोखरच कॅमेऱ्याकडे पुढे आलेला आहे, म्हणजे माणूस पाय पुढे टाकून उभा आहे किंवा मागे रेलला आहे. तिथे पर्स्पेक्टिव्ह चालवलं तर चांगल्या भिंती वाकड्या होतील आणि पाय तसेच राहतील.

मागे मोकळं आकाश किंवा झाडं असतील तर माणसालाच मोजा. GIMPमध्ये Measure साधन आहे, Shift+M. टाचेपासून जांघेपर्यंत आणि टाचेपासून डोक्याच्या टोकापर्यंत मोजून भागाकार करा. लहान मुलांना हा अर्ध्याचा नियम लावू नका, त्यांचे पाय उंचीच्या मानाने आखूडच असतात. उंच टाचांची पादत्राणं असतील तरी आकडा थोडा वाढतो. सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे त्याच माणसाचा दुरून, समोरून काढलेला दुसरा फोटो. तो शेजारी उघडून ठेवा. मी शेवटपर्यंत तो बंद करत नाही.

पायरी दुसरी: आधी डाव्या-उजव्या बाजूचा तिरपेपणा काढा

मोबाइल मागे कलला असतो तसा बहुधा एका बाजूलाही कललेला असतो. हा तिरपेपणा आधी काढला नाही, तर पुढच्या पायरीत माणसाचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा रुंद होतो आणि मग कशामुळे काय बिघडलं ते कळेनासं होतं.

मूळ फोटो बाजूला ठेवून प्रत उघडा. Layer → Transparency → Add Alpha Channel निवडा, म्हणजे रिकामे होणारे कोपरे पारदर्शक राहतील. मग Shift+R ने Rotate घ्या. इथे नवखे लोक एक हमखास चूक करतात. कुठलीतरी एकच कड निवडून ती सरळ करतात. पण या फोटोत कडा मुळातच आत झुकलेल्या आहेत, त्यामुळे डावी कड सरळ केली की उजवी दुप्पट वाकडी होते. दोन्ही कडांचा झुकाव सारखा व्हायला हवा. डावी कड उजवीकडे ४ अंश आणि उजवी कड डावीकडे ६ अंश झुकली असेल, तर फोटो एक अंश फिरवा म्हणजे दोन्ही ५ होतील. फिरवण्याची दिशा चुकली तर फरक वाढलेला लगेच दिसेल. दिशा बदलून पुन्हा करा.

पायरी तिसरी: कल उलटवा, पण वरचे आणि खालचे कोपरे दोन्ही हलवा

कोपरे बाहेर ओढायला जागा हवी, म्हणून Image → Canvas Size मध्ये साखळीचं चिन्ह तोडून रुंदी २००० ऐवजी २६०० करा आणि Center दाबा. आता फोटोच्या दोन्ही बाजूंना ३०० पिक्सेल मोकळी जागा मिळाली. Shift+P ने Perspective घ्या. साधनाच्या पर्यायांत Direction ला Normal (Forward) आणि Clipping ला Adjust ठेवा, म्हणजे बाहेर गेलेला भाग कापला जाणार नाही. फोटोच्या चारही कोपऱ्यांवर पकडायचे चौकोन दिसतील.

वर फोटो आवळला गेला आहे, म्हणून वरचे दोन कोपरे बाहेर ओढायचे. दाराच्या कडा समांतर झाल्या की थांबायचं. बहुतेक ठिकाणी एवढंच सांगितलेलं असतं, आणि तसं केलं की माणूस बुटका आणि जाड दिसतो. मी सुरुवातीला कितीतरी फोटो असे जाड करून ठेवले आणि भिंगाला दोष देत बसलो. कारण साधं आहे. वरचा भाग आपण पायांच्या रुंदीइतका ताणला, म्हणजे सगळ्या माणसाला पायांची फुगलेली रुंदी दिली. उंची मात्र तेवढीच राहिली. भावाच्या फोटोत फक्त वरचे कोपरे ओढले असते, तर प्रत्येकी सुमारे ४५० पिक्सेल बाहेर न्यावे लागले असते आणि तो उंचीच्या मानाने २८ टक्के जाड दिसला असता.

त्यापेक्षा ताण वाटून द्या. वरचे कोपरे थोडे बाहेर, खालचे थोडे आत. या फोटोत वरचे प्रत्येकी २०५ बाहेर आणि खालचे प्रत्येकी १७० आत घेतले की कडा तितक्याच समांतर होतात, आणि उंचीत कमी पडतात ते फक्त ६ टक्के. खालचे कोपरे आत घेतल्यामुळे बूट आणि पोटऱ्याही आवळल्या जातात, आणि हवंही तेच होतं.

इथे एक गोष्ट जवळून पाहा. कोपरे ओढताना आपण फक्त रुंदी बदलतोय असं वाटतं, कारण फोटोची वरची आणि खालची कड जागेवरच आहे. पण भावाच्या गुडघ्यावर किंवा कोटाच्या खालच्या बटणावर नजर ठेवा. कोपरे हलताच ते बटण खाली सरकतं. पर्स्पेक्टिव्ह साधन जो भाग रुंद करतं त्याला उंचीतही जास्त जागा देतं आणि जो आवळतं त्याला कमी. त्यामुळे धड आपोआप लांबतं आणि पाय आपोआप आखडतात, वेगळं दाबावं लागत नाही. बटण जागचं हलत नसेल, तर तुम्ही पर्स्पेक्टिव्ह नाही, दुसरंच एखादं साधन हातात घेतलं आहे.

कडा समांतर झाल्या की Transform दाबू नका. आत्ताचे कोपरे कुठे आहेत ते खालच्या पट्टीत दिसणाऱ्या आकड्यांवरून कागदावर लिहून घ्या आणि Reset दाबा. कारण हा पूर्ण दुरुस्तीचा आकडा आहे, आणि आपल्याला बहुधा पूर्ण दुरुस्ती नको आहे.

पायरी चौथी: किती दुरुस्ती पुरे, हे डोक्यावरून ठरवा

आता पुन्हा दिव्याकडे आणि भिंतीकडे या. पुठ्ठ्याच्या माणसाची सावली भिंत सरळ केल्यावर अचूक आली. पण पुठ्ठ्याच्या जागी चेंडू धरा. दिव्याच्या अगदी समोर चेंडूची सावली गोल पडते. तोच चेंडू भिंतीशी तेवढंच अंतर ठेवून वर सरकवा, सावली लांबट होत जाते आणि अंड्यासारखी दिसू लागते. माणसाचं धड आणि पाय पुठ्ठ्याच्या जवळचे आहेत. डोकं मात्र चेंडू आहे.

म्हणून पूर्ण दुरुस्तीत असं होतं की पाय बरोबर निम्मे येतात, भिंती सरळ उभ्या राहतात, गणित सगळं जुळतं, आणि वर एक लांबुडकं, जबडा ओढल्यासारखं डोकं बसतं. भावाच्या फोटोत कॅमेरा फक्त दीड मीटरवर होता, त्यामुळे डोकं कॅमेऱ्याच्या उंचीपासून ४३ अंश वर. इतक्या वर गेलेला गोल आपल्या रुंदीच्या मानाने एक तृतीयांशाहून जास्त लांब दिसतो. घरात कोणीही त्याला ‘हा भाऊ नाही’ असंच म्हटलं असतं.

किती थांबायचं हे अंतरावर अवलंबून आहे. तोच माणूस तीन मीटरवरून काढला असता, तर डोकं २५ अंशांवर राहिलं असतं आणि पूर्ण दुरुस्तीतही गोलाची लांबी जेमतेम १० टक्के वाढली असती, जी लक्षात येत नाही. म्हणून माझा स्वतःचा हिशेब असा: माणूस तीन मीटर किंवा त्याहून दूर असेल तर पूर्ण दुरुस्ती करा, दीड-दोन मीटरवर असेल तर अर्धी ते दोन तृतीयांश, आणि एक मीटरच्या आत असेल तर अर्ध्यापेक्षा कमी. अंतर माहीत नसेल तर चेहऱ्याकडे बघा. हनुवटीखालचा भाग जितका जास्त दिसतो तितका कॅमेरा जवळ होता.

भावासाठी मी दोन तृतीयांश घेतलं. म्हणजे वरचे कोपरे २०५ऐवजी १३० बाहेर आणि खालचे १७०ऐवजी ११५ आत. मोकळ्या जागेचे ३०० धरून हे आडवे आकडे असे येतात: वरचे कोपरे १७० आणि २४३० वर, खालचे ४१५ आणि २१८५ वर. Image → Guides → New Guide मधून या चार ठिकाणी Vertical गाइड टाका आणि कोपरे त्यांच्यावर नेऊन ठेवा. फोटोच्या वरच्या-खालच्या कडेवरून कोपरा हलू देऊ नका. मग Transform दाबा. पायांचं प्रमाण ५७ टक्क्यांवरून ५३च्या आत आलं. दाराच्या कडा किंचित आत झुकलेल्या राहिल्या, आणि त्या तशा राहाव्यात हेच बरं. चेहरा खालून दिसतो आहे हे डोळ्याला कळत असतं. अशा वेळी भिंती अगदी ताठ असल्या तर फोटो खोटा वाटतो, थोडा झुकाव उरला तर नैसर्गिक वाटतो.

पायरी पाचवी: उंची परत द्या

पूर्ण दुरुस्तीत ६ टक्के उंची कमी पडत होती, दोन तृतीयांशात साधारण ३ टक्के पडते. Layer → Scale Layer उघडा, रुंदी-उंचीमधली साखळी तोडा आणि फक्त उंची ३००० वरून ३०८० करा.

तुमच्या फोटोत हा आकडा वेगळा असेल, तो शोधायचा कसा? माणसाच्या आसपास एखादी गोल किंवा चौकोनी वस्तू शोधा जिचा खरा आकार माहीत आहे आणि जी कॅमेऱ्याकडे तोंड करून आहे, जसं भिंतीवरचं घड्याळ, चौरस टाइल, गोल आरसा. ती कंबरेच्या उंचीच्या जवळपास असली तर उत्तम, कारण अर्धवट दुरुस्तीत फार वर किंवा फार खाली असलेली वस्तू थोडी फसवते. तिची रुंदी आणि उंची मोजा. घड्याळ १५० रुंद आणि १४५ उंच आलं, तर उंची साडेतीन टक्के वाढवा. असं काहीच नसेल तर शेजारी उघडलेला दुसरा फोटो घ्या आणि खांद्यांची रुंदी खांद्यापासून कमरेपर्यंतच्या लांबीशी ताडून पाहा. डोक्यावरून मात्र हे ठरवू नका, ते आधीच थोडं ताणलेलं आहे आणि तुम्हाला उलटी दिशा दाखवेल.

माणूस थोडा सडपातळ दिसावा म्हणून इथे उंची १० टक्के वाढवण्याचा मोह होतो. मी तो करत नाही. ज्याचा फोटो आहे त्याला आपलं शरीर ठाऊक असतं, आणि आपण बिघाड काढायला बसलो आहोत, माणूस बदलायला नाही.

पायरी सहावी: बूट, गुडघा, हनुवटी

आता फक्त पुठ्ठ्याच्या पातळीतून बाहेर आलेले भाग उरले. दीड मीटरवरच्या माणसाच्या बुटाचं टोक कॅमेऱ्याच्या पंचवीसेक सेंटिमीटर जवळ असतं, म्हणून ते टाचेपेक्षा सुमारे २० टक्के मोठं दिसतं. पर्स्पेक्टिव्हने त्यातला फारसा फरक जात नाही.

यासाठी Warp Transform आहे, W दाबून मिळतं. Behavior मध्ये Shrink Area निवडा. ब्रशचा आकार बुटाच्या लांबीपेक्षा मोठा घ्या. लहान ब्रशने बूट ठिकठिकाणी चिमटल्यासारखा होतो. Strength २०च्या आसपास ठेवा, बुटाच्या टोकावर एक-दोनदा क्लिक करा आणि थांबा. लगेच फरशीच्या रेघा तपासा. बुटाखालून जाणारी सांध्याची रेघ आत वळली असेल, तर बघणाऱ्याला बूट नाही, पण ती रेघ नक्की खटकेल. तेव्हा Ctrl+Z करून Strength निम्मं करा. फरशी चौकटीचौकटीची असेल तर मी बुटाला हातच लावत नाही. थोडा मोठा बूट चालतो, वाकलेली फरशी चालत नाही.

पुढे वाकलेल्या गुडघ्याला हेच लागू आहे. हनुवटी आणि नाकपुड्या मात्र तशाच सोडा. नाकावर Warp चालवून चेहरा समोरून काढल्यासारखा होत नाही, फक्त अनोळखी होतो. दुरुस्तीनंतर डोकं थोडं लांबट वाटत असेल, तर त्यावरचा उपाय चौथ्या पायरीत आहे. दुरुस्तीचं प्रमाण कमी करून पुन्हा या.

पायरी सातवी: कापणी

Image → Fit Canvas to Layers करा. खालच्या दोन कोपऱ्यांत पारदर्शक त्रिकोण दिसतील, कारण तिथे फोटो आत ओढला गेला. Shift+C ने Crop घ्या आणि त्रिकोण वगळून चौकट आखा. माणूस मध्यभागी असेल तर हे सहज जमतं. पाऊल फोटोच्या अगदी कडेला असेल तर अडचण येते. जमीन साधी, एकरंगी असेल तर Clone साधनाने, म्हणजे C दाबून, शेजारची जमीन उचलून त्रिकोण भरता येतो. कापताना पावलांखाली थोडी जमीन नक्की ठेवा. पाय जिथे संपतात तिथेच चौकट संपली की ते पुन्हा लांब वाटू लागतात, प्रमाण बरोबर असलं तरी.

आता निकाल तपासा. फोटो पडद्यावर तळहाताएवढा लहान करून पाहा. मोठ्या आकारात आपण बूट, बटणं, कडा असे तुकडे बघत असतो, लहान आकारात आधी माणूस दिसतो आणि काही खटकत असेल तर लगेच खटकतं. मग Image → Transform → Flip Horizontally करून एकदा उलटा पाहा. एक खांदा मोठा राहिला असेल, म्हणजे दुसऱ्या पायरीत चूक झाली असेल, तर ती उलट्या फोटोत चटकन दिसते. पाहून झालं की पुन्हा सरळ करा.

संगणक नसेल तर

लाइटरूम या अ‍ॅपमध्ये भूमितीच्या दुरुस्त्यांत Vertical आणि Aspect असे दोन सरकते पर्याय आहेत. Vertical ऋण बाजूला नेला की वरचा भाग रुंद होतो. आधी कडा समांतर होईपर्यंत न्या, आकडा वाचा आणि दीड-दोन मीटरच्या फोटोसाठी त्याच्या अर्ध्या ते दोन तृतीयांशावर परत या. मग Aspect हलवून जाडी-उंची जुळवा. तिथे आपोआप सरळ करण्याचाही पर्याय असतो. तो इमारतींसाठी छान चालतो, पण भिंती ताठ करण्याच्या नादात डोकं लांबवतो, म्हणून माणसाच्या फोटोवर मी तो वापरत नाही.

पुढचा फोटो काढताना

कॅमेरा ज्याचा फोटो काढायचा त्याच्या कमरेच्या उंचीवर, सरळ उभा धरा, आणि तीन-चार पावलं मागे जाऊन दुप्पट झूम करा. कमरेच्या उंचीवरून डोकं आणि पावलं दोन्ही सारख्याच कोनात येतात, त्यामुळे कलवावं लागत नाही. लहान मुलाच्या हाती मोबाइल देणार असाल तर त्याला उभं राहून छातीपाशी धरायला सांगा. सहा वर्षांच्या मुलाची छाती मोठ्या माणसाच्या कमरेच्या आसपासच येते. पुतण्याने पुढच्या वेळी तसंच काढला, आणि त्या फोटोत मला फक्त एक अंशाचा बाजूचा तिरपेपणा काढावा लागला.